स्मार्ट कार्ड दिसत नाही / डीटीएचचा सेट-टॉप बॉक्स सुरूच होत नाही

"कार्ड काढून पुसून घातलं तरी कार्ड नाही म्हणतोय, आणि आता तर लोगोवरच अडकतोय."

दोन्ही एकदम होतंय म्हणजे कार्डाआधी अडॅप्टर बघा. मेन स्विच बंद करा, मागची छत्रीची वायर काढा, कार्ड पण काढा आणि मग बॉक्स चालू करा. बॉक्स त्या वायरीतूनच वर छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीला करंट देतो, त्यामुळं वायर नसताना लोगोच्या पुढं गेला तर एकतर अडॅप्टर दमलाय नाहीतर वायर, एलएनबी कुठंतरी शॉर्ट आहे. आमच्या शेजारी असंच झालेलं, मीटरवर अडॅप्टर नुसता धरला की बरोबर १२ दाखवायचा, पण बॉक्सला जोडला की पडायचा, तेवढ्याच व्होल्ट-अँपिअरचा दुसरा लावल्यावर कार्ड पण आपोआप वाचायला लागलं.

तरी एरर राहिला तर कार्डाचा सोनेरी चिप कोऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं घासा, भुगा झटका, आणि खाचेवरच्या चित्राप्रमाणं बाजू बघून टोकापर्यंत ढकला. घराजवळ कापडाचे माग असतील तर खाचेत कापसाचा फुफाटा बसतोच, तो ब्रशनं काढा, पिन घालू नका. वायर काढूनही लोगोवरच थांबला आणि अडॅप्टर पण बदलून झाला तर मग बोर्ड किंवा सॉफ्टवेअर, ते घरी होत नाही.