मदत हवी आहे: दाराची चावी अर्धीच फिरते

सुखदा_डोंबिवली: मुख्य दाराला आत बसवलेलं लॉक आहे, दोन फेऱ्यांचं. चावी आत सहज जाते, पण अर्धा फेरा झाला की अडते. पाऊस सुरू झाल्यापासून जास्तच. सासऱ्यांनी दोनदा खोबरेल सोडलं. आठवडाभर बरं चाललं, आता चावी काळी चिकट होऊन बाहेर येते. पक्कड लावून फिरवू का?

निवांत७२: पक्कड नको! चावी पितळेची असते, आत तुटली तर चावीवाल्याचा खर्च वाढेल. पेन्सिलीचं शिसं चावीवर घासा, काम झालं.

बापू_कुलूपवाले: शिसं चालतं, पण खोबरेलावर घातलंत तर आत चिखल होईल. आधी एक करा. दार उघडं ठेवूनच चावी फिरवा. चावी अर्धी फिरली, म्हणजे आतल्या पिना बहुतेक बरोबर उचलल्या जातायत, नाहीतर ती हललीच नसती. मग अडथळा पुढे असतो, लॉकच्या जिभेत नाहीतर चौकटीच्या पट्टीत.

मंदार_के: माझ्या स्कूटरच्या डिकीचंही असंच होतं. मी सीट दाबून धरतो.

सुखदा_डोंबिवली: उघड्या दारात चावी पूर्ण फिरली! पण एका जागी जड जाते. बंद दारात अडतेच.

बापू_कुलूपवाले: म्हणजे दुखणी दोन. लाकूड फुगलंय किंवा दार बिजागरीवर खाली आलंय. जिभेला ओलं कुंकू लावा, दार बंद करून चावी हलकी फिरवा. पट्टीवर डाग पडेल तिथे ती घासतेय.
जडपणा खोबरेलाचा. देवघरातला दिवा विझवा, खिडकी उघडा, खाली फडकं धरा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर नळीने चावीच्या भोकात एक-दोन सेकंद मारा. चावी आतबाहेर करा, दरवेळी पुसा. काळं येणं थांबेपर्यंत तेच. अर्धा तास वाळू द्या, मग चिमटीपेक्षाही कमी ग्राफाइट. हे सगळं दार उघडं ठेवून, एक चावी बाहेरच्या माणसाकडे देऊन.

निवांत७२: माझं लॉक मात्र शिशावर चार वर्षं चाललंय.

बापू_कुलूपवाले: कोरडं असेल तर चालणारच.

सुखदा_डोंबिवली: केलं. पाच वेळा फवारलं, शेवटी फडकं स्वच्छ राहिलं. चावी लोण्यासारखी फिरते, उघड्या दारात. कुंकवाचा डाग पट्टीच्या भोकाच्या खालच्या कडेला पडला. सुतार म्हणतो बिजागरीचे स्क्रू सैल आहेत, आधी ते आवळू, मग गरज पडली तरच कड कानसू. एक मात्र कळलं नाही. घरातल्या तीन चाव्यांपैकी डुप्लिकेट अजून जड जाते.

बापू_कुलूपवाले: ती मूळ चावीशेजारी धरून दाते बघा. झिजलेल्या चावीवरून काढलेली असेल तर नवीन काढताना मूळच द्या. फोटोवरून मला सांगता येणार नाही.

मंदार_के: डिकीलाही कॉन्टॅक्ट क्लीनर चालेल का?