दीपमाळेच्या फोटोतली स्कूटर
> डावीकडे स्कूटर, उजवीकडे कचऱ्याचा डबा. मधली दीपमाळ तेवढी छान आलीय. काय करू?

चौरस कापून बघा. तुमचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असेल, तर चौरसात रुंदीचे २००० पिक्सेल जातात. ते दोन्हीकडून सारखेच कापायला हवेत असं नाही. चौकट सरकवा, स्कूटरकडून १४०० आणि डब्याकडून ६०० गेले तरी चालेल. दीपमाळ मग जरा बाजूला येईल, ते उलट बरंच दिसतं.

तरीही डबा डोकावला तर ४:५ उभा काप घ्या, रुंदी ३२०० उरते. कापल्यावर कडा मोठ्या करून तपासा. माझ्या एका फोटोत स्कूटर गेली, आरसा मात्र हवेत लटकत राहिला! दीपमाळेवरून गेलेली वायर मात्र अशी जाणार नाही.