मदत हवी आहे: सी १६ एमसीबी काढून सी ३२ बसवावा का?

मालवणात आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. तिथला गीझर २००० वॅट, इंडक्शन २००० वॅट आणि इस्त्री १००० वॅट, सगळं एकाच एमसीबीवर. तिन्ही चालू असले की दहा-पंधरा मिनिटांनी तो पडतो. त्यावर ‘सी १६’ आणि खाली चौकोनात ‘६०००’ छापलंय. आमचे बाबा त्याला ६००० वॅट समजत होते, पण तो शॉर्टसर्किट तोडण्याच्या क्षमतेचा आकडा, ६००० अँपिअर.

माझा हिशोब असा: १६ गुणिले २३० म्हणजे साधारण ३७०० वॅट. आमचा भार ५०००, म्हणजे जवळपास २२ अँपिअर. थोड्याच जादा भारामुळे लगेच न पडता तापून पडतो.

वायरमन म्हणतो, सी ३२ टाकूया. पण वायर २.५ स्क्वेअर एमएमचीच आहे. मग एमसीबी गप्प राहील आणि भिंतीतली वायर तापेल ना? गीझरला वेगळी लाईन ओढणंच बरं वाटतं.

आणखी एक, खाऱ्या हवेने एमसीबीच्या स्क्रूंवर हिरवट थर आलाय. सैल जोडाच्या उष्णतेनेही तो लवकर पडत असेल का? मेन बंद करून वायरमनकडून आधी काय तपासून घेऊ?