ताप उतरला म्हणजे सुटलो असं नाही

"भावाचा डेंग्यू एनएस१ पॉझिटिव्ह. पाचव्या दिवशी ताप उतरला, पण प्लेटलेट ७०,०००. कोथरूडला घरीच आहोत. आता धोका टळला ना?"

नाही, अजून नाही. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तासच सगळ्यात जपायचे. याच वेळी रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, रक्त घट्ट होतं आणि रक्तदाब कोसळू शकतो. त्यामुळे नुसत्या प्लेटलेटकडे बघू नका, त्याच सीबीसी रिपोर्टमधलं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं टक्केवारीतलं प्रमाण, बघा. आधी ४० होतं आणि आता ४८ झालं, तर ती २० टक्के वाढ आहे. लगेच डॉक्टरांना दाखवा. रक्तस्राव नसेल तर ७०,००० ला सहसा प्लेटलेट चढवावी लागत नाही.

पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शी, सुस्ती, गार हातपाय, लघवी कमी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा. ब्रुफेन किंवा ॲस्पिरिन अजिबात देऊ नका.

थंडी वाजून ताप परत आला, तर मलेरियासाठी रक्ताची स्मिअर तपासणी करून घ्या. प्लेटलेट मलेरियातही घसरतात.