मदत हवी आहे: न्यायाधिकरणाचा कायदा नेमका कोणत्या कारणाने रद्द होतो?

नांदेडला एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शनिवारी अभिरूप न्यायालयात सरकारविरुद्ध बाजू मांडायची आहे.

न्यायाधिकरण सदस्यांची मुदत 4 वर्षं करणारी अध्यादेशातली तरतूद सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2021 मध्ये 2 विरुद्ध 1 मतांनी रद्द केली. किमान 5 वर्षं द्या, असं आधीच सांगितलेलं होतं. तरी ऑगस्टमध्ये संसदेने 4 वर्षंच पुन्हा कायद्यात घातली, वर 'कोणत्याही निकालात काहीही असले तरी' हे शब्द! नोव्हेंबर 2025 मध्ये तीही तरतूद गेली.

मुदत छोटी असली की फेरनियुक्तीसाठी सदस्याची नजर सरकारकडे लागते, आणि तिथं बहुतेक खटल्यांत सरकारच पक्षकार. हा मुद्दा मला पटलाय.

अडलंय ते पुढं. आमचे सर म्हणतात, मूलभूत संरचनेची कसोटी फक्त घटनादुरुस्तीला, साध्या कायद्याला नाही. 2021 चा बहुमताचा निकाल वाचला, त्यात सत्ताविभाजन, न्यायालयीन स्वातंत्र्य, अनुच्छेद 14 सगळंच येतं. चंद्रकुमार निकालही पाहिलाय, तो सुचवू नका.

मग पहिला मुद्दा कोणता घेऊ: अनुच्छेद 14 चा भंग, की निकालात दाखवलेला दोष दूर न करता संसदेने निकालच फिरवला हा?