मदत हवी आहे: बायकोच्या एफडीचं व्याज, टीडीएस कुणाचा?

एप्रिल 2023 मध्ये बायकोला 10 लाख भेट दिले. तिने स्वतःच्या नावावर 7 टक्क्यांची, व्याज मुदतीअखेर मिळणारी एफडी केली. (हिशोब सोपा जावा म्हणून चक्रवाढ वार्षिक धरतोय.) तिला दुसरं उत्पन्न नाही.

पहिल्या वर्षीचे 70,000 कलम 64 नुसार माझ्या उत्पन्नात धरले, ते ठीक. दुसऱ्या वर्षी बँकेने 74,900 एकरकमी दाखवले. माझ्या समजुतीप्रमाणे मूळ भेटीवरचे 70,000 माझे, पण व्याजावर मिळालेलं 4,900 चं व्याज तिचं. बँक अशी फोड देत नाही, मीच वहीत मांडून ठेवली आहे. तेवढं पुरतं का?

खरी अडचण टीडीएसची. 7,490 रुपये तिच्या पॅनवर कापले गेलेत आणि कर मात्र मी भरायचा! नियम 37बीए नुसार तिने बँकेला लेखी दिलं तर क्रेडिट माझ्या पॅनवर येतं म्हणे. शाखेतल्या माणसाने हे ऐकलंच नव्हतं. प्रत्यक्षात कुणी करून घेतलंय का?

जाता जाता: मुलीच्या एफडीचं व्याजही माझ्यातच येतं, कारण माझं उत्पन्न बायकोपेक्षा जास्त. नव्या करप्रणालीत त्यातली 1,500 ची सूट मिळत नाही, बरोबर ना?