काच आणि पाच : यमक जुळतं की नाही?

खिडकीवाली
आमच्या पेठेतल्या वाचनालयात सुट्टीत मुलांसाठी कोड्यांचा कार्यक्रम ठेवला होता. कोडं पद्यात, शेवटचा शब्द गाळलेला, तो मुलांनी यमकावरून ओळखायचा. मी केलेलं एक कोडं असं :

आरपार दिसतं, हात जात नाही,
पाऊस अडवते, ऊन अडवत नाही.
घराला आमच्या खिडक्या पाच,
प्रत्येक खिडकीला बसवली ____.

उत्तर काच. नातवाला घेऊन आलेल्या एक आजी मागच्या बाकावरून म्हणाल्या, "बाई, यमक चुकलंय. काच नि पाच जुळत न्हाई." मी फळ्यावर दोन्ही शब्द लिहून दाखवले. त्या म्हणाल्या, "लिहून काय दावतीस, म्हणून बघ."

म्हणून बघितलं. तेव्हापासून अडकलेय. दोन्हींच्या शेवटी आच आहे, मग कानाला खटकतं ते काय? अजून वीस कोडी करायची आहेत, म्हणून विचारतेय.

तांबडा पांढरा
ताई, आजींचं काय मनावर घेताय. शेवटचं अक्षर सारखं की यमक जुळलं, शाळेत हेच शिकवलंय. काच, पाच, नाच, लाच. एकदम जाळ!

जुनी वही
आजींचा कान तयार आहे. काचेतला च आणि आकड्यातल्या पाचमधला च हे दोन वेगळे आवाज आहेत, फक्त आपण ते एकाच अक्षरात लिहितो. 'चार माणसं' म्हणा आणि मग 'जनावरांचा चारा' म्हणा. चारमध्ये जीभ वर टाळूला लागते, चाऱ्यात ती दातांच्या मागे येते. काच, नाच, टाच, लाच, खाच, जाच, आच, पुस्तक वाच, आणि हाच, असाच यांतला जोर देणारा च, हे सगळे चाऱ्याच्या बाजूचे. पाच हा आकडा एकटाच चारच्या बाजूला उभा आहे.

ज चीही तीच गत. 'हे जग' आणि 'शंभर वर्षं जग' एकसारखं लिहितो, एकसारखं म्हणत नाही. राजा आणि ताजा ही जोडी मुलांच्या गाण्यांत सर्रास असते, पण मोठ्याने म्हणून बघा.

तांबडा पांढरा
सर, मी आत्ता बायकोसमोर दहा वेळा काच-पाच म्हणलो. ती म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे का. पण आमच्या तालमीतली पोरं पाचला पण चाऱ्यातलाच च लावतात की. मग कोल्हापुरात जुळलं म्हणायचं?

जुनी वही
पोरं घाईत बोलतात तेव्हा नाही, पैसे मोजताना ऐका. तीन, चार, पाच म्हणताना चारचाच च पुढे पाचमध्ये येतो.

तांबडा पांढरा
ऐकतो. पण मला नाही वाटत.

गूळभेंडी
किती छान विषय! माझ्या भाचीचं लग्न आहे आणि तिला नाव घ्यायला उखाणा हवाय. नवऱ्याचं नाव शेवटी नको, मधे यायला हवं. आणि रंकाळ्याचा उल्लेख असला तर फार बरं. कुणी करून देईल का?

खिडकीवाली
ताई, हा तो उखाणा नाही, कोड्याचा आहे. पण आमची आजी कोड्यालाही उखाणाच म्हणायची, त्यामुळे चूक तुमची नाही.

गूळभेंडी
अगं पण यमक लागतंच ना दोन्हीला. 'केली काठाची वारी' ला काय जुळेल?

वहीत रकाने
मी शब्दखेळ बनवतो, म्हणून माझी पद्धत सांगतो. शब्दांची मोठी यादी संगणकात घेतो, प्रत्येक शब्द उलटा करतो आणि अकारविल्हे लावतो. शेवट सारखे असलेले शब्द आपोआप शेजारी येतात. काच आणि पाच माझ्याकडे शेजारीच आहेत. मला आजवर कुणी तक्रार केली नाही.

जुनी वही
तुमचे खेळ लोक डोळ्यांनी खेळतात, म्हणून. ही कोडी कानाने सोडवायची आहेत. तुमची यादी दोन्हीकडून फसवते. न जुळणारे शब्द शेजारी आणते, आणि जुळणारे लांब टाकते. हर्ष आणि स्पर्श तुमच्याकडे कुठे आहेत?

वहीत रकाने
बघितलं. हर्ष षमध्ये, स्पर्श शमध्ये. मधे चिक्कार शब्द आहेत.

पंचगंगाकाठ
आणि ते योग्यच आहे! हर्षमधला ष मूर्धन्य आहे, स्पर्शमधला श तालव्य. ही जोडी जुळते म्हणणं म्हणजे उच्चारांच्या अज्ञानाला यमक म्हणणं आहे. आम्हाला गुरुजींनी षट्कोनाचा ष वेगळा म्हणायला लावला होता. न म्हटला तर छडी.

जुनी वही
छडीने शिकवावा लागला, यातच उत्तर आलं. तोंडात असता तर शिकवावा लागला नसता. तुम्ही स्वतः 'हर्षद' म्हणून हाक मारताना ष जपता का, खरं सांगा.

पंचगंगाकाठ
जपतो.

तांबडा पांढरा
जपतात हो, मी ओळखतो यांना. 😄

खिडकीवाली
भांडण राहू दे, मला पुढचं सांगा. सर, माझ्या पहिल्या दोन ओळींत 'नाही, नाही' आहे. तिथे तर अक्षरही तेच आणि आवाजही तोच. तरी म्हणताना ढिलं वाटतं.

जुनी वही
कारण नाही हा अख्खा शब्दच परत आलाय. तो दोन्हीकडे तोच, म्हणून कान त्याला मोजत नाही आणि त्याच्या मागे बघतो. मागे काय आहे? जात आणि अडवत. लिहिताना दोन्हींच्या शेवटी त. पण आपण शेवटचा अ म्हणत नाही, जात् म्हणतो, अडवत् म्हणतो. नुसता त् एवढासा, तो ओळ पेलत नाही. कानाला आधार लागतो त्याच्या आधीच्या स्वराचा. जातमध्ये तो आ आहे, अडवतमध्ये अ. म्हणून ढिलं.

शेवटी व्यंजन ऐकू येत असेल तर त्याच्या आधीच्या स्वरापासून पुढचं सगळं जुळवा. काम-घाम बसतं, काम-गरम बसत नाही. तुमची ओळ अशी करून बघा :

आरपार दिसतं, हात जात नाही,
पाऊस अंगणात, पण घरात नाही.

जात, घरात. आता 'नाही' दोनदा आला तरी तो ठेका वाटतो.

खिडकीवाली
अगदी! दारातच उभी राहून म्हणून बघितलं. आणि पाचचं काय करू? खिडक्या पाचच आहेत वाचनालयाला, मुलांना मोजताही येतात.

वहीत रकाने
यादीतून आच शेवटाचे शब्द काढून देऊ का?

जुनी वही
यादी नको, बाराखडी पुरते. शेपटी तोंडात धरून ठेवा आणि पुढे एकेक व्यंजन लावत मोठ्याने म्हणत जा. काच, खाच, गाच नाही, घाच नाही, जाच, टाच, नाच, लाच, वाच. दोन मिनिटांत वही भरते आणि चुकीचा शब्द जिभेलाच अडतो. मग कोड्याला चालेल असा निवडायचा. लाच आणि जाच मुलांच्या कोड्यात नकोत. नाच घ्या :

उन्हाची किरणं करतात नाच,
खिडकीला आमच्या बसवली ____.

पंचगंगाकाठ
'पाच' सुद्धा ठेवता येईल. हिरव्या रत्नाला पाच म्हणतात, पाचू. त्यातला च काचेतलाच आहे. 'खिडकीत चमके हिरवी पाच, जवळ जाता निघाली काच.' हे शुद्ध यमक.

जुनी वही
वा! हे मला सुचलं नव्हतं. लिहिलेला शब्द तोच, आकडा जुळत नाही आणि रत्न जुळतं.

तांबडा पांढरा
आता सांगा, फळ्यावर लिहिलं तर आजींना कुठला पाच कळणार?

खिडकीवाली
सुंदर आहे, पण आमच्या तिसरीतल्या मुलांना पाच म्हणजे रत्न माहीत नाही. ती हिरव्या रंगाच्या पाच खिडक्या मोजत बसतील. नाचच घेते. आता दुसरं कोडं बघा, यात पण भीती वाटतेय :

नदीत, विहिरीत, माठात आणि
ढगातसुद्धा असतं ते ____.

पंचगंगाकाठ
'आणि'मधला णि ऱ्हस्व. पाणीमधला णी दीर्घ. नाही जुळत. शिवाय ओळ 'आणि'वर तोडणं हे वाक्याचं मानगूट धरण्यासारखं आहे.

जुनी वही
दुसऱ्या आक्षेपाशी निम्मा सहमत आहे. पहिल्याशी अजिबात नाही. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार आपण लांबच म्हणतो, लिहिताना काहीही असो. म्हणून तर 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांत कवि, मति हे कवी, मती झाले. आणि, नि हे अपवाद म्हणून ऱ्हस्व ठेवले, ते लिहिण्यापुरते. 'परंतु' आणि 'जंतू' यांचंही तेच. मुलांना आणि-पाणी ऐकवा, एकही अडखळणार नाही. ओळ तोडल्याचं म्हणाल, तर कोड्यात तो फायदा आहे. 'आणि'वर मुलं पुढचं ऐकायला वाकतात.

तांबडा पांढरा
आमच्या घरात 'आनि' आणि 'पानी' आहे, म्हणजे तिथंपण जुळलंच. उलट आमच्याकडं पानीला रानी, कहानी, जवानी, अज्ञानी सगळं जुळतं. पुण्याच्या माणसाला पाणी-जवानी करता येत नाही, आमच्या शाहिराला येतं. लई मोठी यादी आहे आमची.

पंचगंगाकाठ
म्हणजे पाण्याचा ण घालवायचा आणि यमक कमवायचं.

तांबडा पांढरा
घालवायचा कशाला, आमच्याकडं नव्हताच!

खिडकीवाली
इथे मी खरंच अडकले. अर्धी मुलं घरी पानी म्हणतात, शाळेत पाणी. मी 'कहाणी'ला पाणी जुळवलं तर दोघांनाही चालेल. पण 'जवानी'सारखी जोडी लावली तर ज्यांच्या घरी ण आहे ती मुलं बुचकळ्यात पडतील. कुणाच्या कानाने लिहायचं?

जुनी वही
कोडं कोण म्हणून दाखवणार त्याच्या कानाने.

पंचगंगाकाठ
प्रमाण मराठीच्या कानाने.

तांबडा पांढरा
आजींच्या कानाने.

खिडकीवाली
आजी काल परत आल्या होत्या. नाच-काच ऐकवलं, मान हलवली. मग मुलांना त्यांनी स्वतःचंच एक हुमाण घातलं, त्यात एकही यमक नव्हतं, आणि मुलांनी ते माझ्या कोड्यांच्या आधी सोडवलं.

वहीत रकाने
काय होतं ते हुमाण?

गूळभेंडी
उखाण्याचं राहिलंच. 'वारी'ला 'भारी' घेतलंय. पण नाव अजून शेवटीच येतंय.